धरण घानाचं, वीज कुणाची?

काही देश गरीबच का राहतात, या प्रश्नाला दोन जुनी उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी अजून भांडतायत. नुसत्या व्याख्या सांगितल्या तर तुम्ही पुढचा एपिसोड लावाल, म्हणून आज आपण एका धरणाकडे बघू. घानातलं अकोसोम्बो.

आधी पहिलं उत्तर. अमेरिकन अर्थतज्ज्ञ वॉल्ट रोस्टो यांनी १९६० मध्ये मांडलं की सगळे देश एकाच रस्त्यावरून चाललेत, कुणी पुढे, कुणी मागे. या रस्त्यावर पाच टप्पे. त्यातला कळीचा टप्पा म्हणजे 'टेक-ऑफ': देशाची गुंतवणूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या वर गेली, एखादा मोठा उद्योग उभा राहिला, की विमान धावपट्टी सोडतं. म्हणजे गरिबीचं कारण देशाच्या आत आहे: भांडवल कमी, तंत्रज्ञान जुनं. याला म्हणतात आधुनिकीकरण सिद्धांत.

घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची कमाई मुख्यतः कोकोवर होती. पंतप्रधान (आणि नंतर राष्ट्राध्यक्ष) क्वामे एन्क्रुमा यांना कारखाने हवे होते. देशात बॉक्साइट होतं, व्होल्टा नदी होती. नदीवर धरण, धरणाची वीज, विजेवर ॲल्युमिनियम. कागदावर हे अगदी टेक-ऑफचं चित्र!

आता इथे थोडं थांबू, कारण खरी गोष्ट करारात आहे. जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन कर्ज द्यायला तयार झाले, पण वीज घेणारं एक मोठं, खात्रीचं गिऱ्हाईक दाखवा म्हणाले. ते गिऱ्हाईक म्हणजे व्हाल्को. या कंपनीत ९० टक्के हिस्सा अमेरिकेच्या कैसर कंपनीचा आणि १० टक्के रेनॉल्ड्सचा. धरणाचा साधारण अर्धा खर्च घानाने स्वतः उचलला. सुमारे ८० हजार लोकांना घरं सोडावी लागली.

वीज किती स्वस्त दिली? एका युनिटला पाव सेंटच्या आसपास. एक किलो ॲल्युमिनियम काढायला त्या काळी साधारण १५ युनिट लागायचे, म्हणजे किलोमागे विजेचे चारेक सेंट. तेच ॲल्युमिनियम बाजारात पन्नास सेंटच्या वर विकलं जात होतं. वर करात सवलत.

आणि बॉक्साइट? ॲल्युमिनियम दोन पायऱ्यांत बनतं. बॉक्साइटपासून आधी पांढरी पावडर, ॲल्युमिना. मग त्यातून विजेच्या जोरावर धातू. पहिल्या पायरीचा कारखाना घानात झालाच नाही. ॲल्युमिना परदेशातून जहाजाने तेमा बंदरात यायची आणि धातू होऊन परत जहाजात चढायची. घानाचं बॉक्साइट या कारखान्याच्या उपयोगी पडलंच नाही. थोडक्यात, घाना धातूच्या रूपात वीज विकत होता, तीही पडत्या भावात. देशाच्या उत्तर भागापर्यंत हीच वीज पोचायला १९८० चं दशक सरत आलं.

दुसरं उत्तर नेमकं इथेच बोट ठेवतं. परावलंबन सिद्धांत, डिपेंडन्सी थिअरी. अर्जेंटिनाचे राऊल प्रेबिश म्हणाले, कच्चा माल विकणाऱ्याला कालांतराने तेवढ्याच मालात कमी यंत्रं मिळतात. आंद्रे गुंडर फ्रँक यांनी १९६६ मध्ये आणखी टोकाचं म्हटलं: हे देश 'मागे राहिलेले' नाहीत, श्रीमंत देशांशी जोडले जातानाच ते मागे ढकलले गेलेत. (आपल्या दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या गळतीचा मुद्दा आठवला असेल, तर बरोबर आठवला.)

मला घानाच्या बाबतीत हे जास्त पटतं. पण फ्रँक यांचा उपाय, म्हणजे जागतिक बाजाराशी नातंच तोडा, मला पटत नाही, आणि त्याचं कारण दक्षिण कोरिया. १९५० च्या दशकात तोही गरीब होता, अमेरिकेच्या मदतीवर होता. त्याने बाजार सोडला नाही, उलट निर्यातीवरच भर दिला. पण १९६१ नंतर बँका सरकारच्या हातात होत्या, आणि कर्ज हवं तर निर्यात दाखवा असा हिशेब होता. पोलादाच्या कारखान्याला जागतिक बँकेने नकार दिला, तेव्हा जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून तो उभा केला. म्हणजे रोस्टोचं विमान उडालं खरं, पण सल्लागारांनी सांगितलेल्या धावपट्टीवरून नाही! अर्थात जमीन सुधारणा आणि शीतयुद्धातलं कोरियाचं स्थान, या गोष्टी घानाकडे नव्हत्या.

म्हणून कुठल्याही देशात परदेशी कारखाना आल्याची बातमी वाचली की मी आधी करार शोधतो. दर किती वर्षांसाठी बांधलाय, कच्चा माल कुठला, आणि तयार मालावर पुढचं काम कुठे होतं?

घानाने विजेचा दर बदलून घेतला तो १९८५ मध्ये, आणि तो युनिटला सुमारे १.७ सेंट झाला. कैसरचा हिस्सा सरकारने घेतला २००४ मध्ये. ॲल्युमिनाचा कारखाना मात्र तेव्हाही घानात नव्हता.