वाय-फाय चालू, तरी डाउनलोड अडलेलं

नवा फोन घरात आला की पहिलं काम म्हणजे जुन्या फोनमधलं सगळं त्यात आणणं. सिम अजून जुन्याच फोनमध्ये असतं आणि घरी ब्रॉडबँड नसतं. मग जुन्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून नवा फोन त्याला जोडला जातो. वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसते, यूट्यूबही लगेच सुरू होतं. पण प्ले स्टोअरमधून बँकेचं ॲप घ्यायला गेलं, की त्याच्या नावाखाली "Waiting for Wi-Fi" अशी ओळ येते आणि तिथेच थांबते. वाय-फाय तर डोळ्यांसमोर चालू आहे, मग हा फोन वाट कसली बघतोय?

अशा वेळी माणसं फोन बंद करून चालू करतात, नेट कंपनीला दोष देतात, दुकानदाराकडे जातात. काही जण तर फोन पुसून पहिल्यापासून सगळं भरायला घेतात. त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही, कारण बिघडलेलं काहीच नसतं. समोरचं नेट कुणाच्या तरी रिचार्जमधून येतंय हे नव्या फोनला कळलेलं असतं, म्हणून त्याने मोठं डाउनलोड आपणहून रोखून धरलेलं असतं.

हे त्याला कळतं कसं? कोणतंही यंत्र वाय-फायला जोडलं गेलं की आधी स्वतःसाठी एक पत्ता मागतं. तो पत्ता देताना हॉटस्पॉट देणारा अँड्रॉइड फोन सोबत एक छोटा शेराही पाठवतो: `ANDROID_METERED`. एवढा शब्द मिळाला की घेणारा अँड्रॉइड फोन त्या जोडणीवर ‘मोजून मिळणारं नेट’ अशी नोंद करतो. भिंतीवरच्या ब्रॉडबँड राउटरकडून असा शेरा येत नाही, म्हणून ते नेट बिनमोजणीचं धरलं जातं.

मग ॲप फोनला विचारतं, की हे नेट बिनमोजणीचं आहे का? उत्तर ‘नाही’ आलं की मोठी डाउनलोड, फोटोंचा बॅकअप, ॲपची अपडेट रांगेत थांबतात. घोळ होतो तो पडद्यावरच्या वाक्यामुळे. फोनला हवं असतं बिनमोजणीचं नेट, पण लोकांना समजावं म्हणून लिहिलेलं असतं ‘वाय-फाय’. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात, हॉटस्पॉटच्या बाबतीत मात्र नसतात.

दुसरं कारण म्हणजे डेटा सेव्हर. ही सोय अँड्रॉइडमध्ये 2016 साली, सातव्या आवृत्तीपासून आली. ती चालू असली की मोजणीच्या नेटवर फक्त समोर उघडं असलेलं ॲप नेट वापरू शकतं. मागे गेलेल्या ॲपचं नेट तोडलं जातं. त्यामुळे ॲप उघडं असेपर्यंत फाइल उतरत राहते, फोन खिशात टाकला की थांबते, आणि पुन्हा उघडून बघितलं की पुढे सरकते. बघणाऱ्याला वाटतं, रेंज येतेय-जातेय. प्रत्यक्षात रेंज पूर्णवेळ असते. बऱ्याच फोनांत डेटा सेव्हर चालू असताना हॉटस्पॉटही देता येत नाही. ते बटण फिकट होऊन बसतं.

अशी अडवणूक आणि खरोखरच संथ झालेलं नेट यांत फरक करणं अवघड नाही. ब्राउझरमध्ये दोन-तीन नवी पानं उघडून बघा. ती पटापट उघडली आणि फक्त डाउनलोडच उभं असेल, तर कारण सेटिंगमध्ये आहे. पानंसुद्धा रांगत उघडत असतील, तर बहुधा दिवसाचा डेटा संपलेला असतो. आपल्याकडच्या अनेक प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की नेट बंद पडत नाही, वेग 64 केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 केबी. या वेगाने 100 एमबीचं ॲप उतरायला साडेतीन तास लागतात. तिथे कोणतंही सेटिंग बदलून फायदा नाही. मध्यरात्रीनंतर नवा डेटा मिळेपर्यंत थांबायचं किंवा जास्तीचा रिचार्ज करायचा.

कारण सेटिंगमध्येच असेल, तर आधी लहान उपाय करावा. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर टिचकी मारा, Settings मध्ये जा, तिथे Network preferences आणि मग App download preference. "Over Wi-Fi only" असेल तर "Ask me every time" करा. आता मोठं ॲप घेताना फोन विचारेल आणि ‘हो’ म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. हा बदल फक्त प्ले स्टोअरपुरता राहतो, म्हणून तो सुरक्षित.

दुसरा उपाय त्या जोडणीवरची नोंदच बदलण्याचा. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या हॉटस्पॉटच्या नावाशेजारच्या दातेरी चाकावर दाबलं की "Network usage" किंवा त्यासारखं नाव दिसतं; कंपनीनुसार ते थोडं वेगळं असतं. तिथे "Treat as unmetered" निवडलं की अडकलेली डाउनलोड सहसा थोड्याच वेळात सुरू होतात.

पण इथे सावध राहायला हवं. ही नोंद एका ॲपसाठी नसते. आपण फोनमधल्या प्रत्येक ॲपला सांगतो, की नेट हवं तेवढं वापरा. मग बँकेचं ॲप उतरतं, पण त्याबरोबर थांबून राहिलेले सगळे फोटो बॅकअपला जाऊ लागतात, डझनभर ॲप अपडेट होऊ लागतात. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्याचा डेटा दुपारच्या आत संपतो आणि मग खरोखरच 64 केबीपीएसची पाळी येते. म्हणून काम झालं की त्याच जागी जाऊन "Detect automatically" करून ठेवावं.

विंडोज लॅपटॉपवरही हाच प्रकार असतो. तिथे वाय-फायच्या तपशिलात "Metered connection" नावाचं बटण आहे. ते चालू असलं की वनड्राइव्हचं सिंक थांबतं आणि विंडोजची बरीचशी अपडेट उतरत नाहीत. लॅपटॉप हे बटण वाय-फायच्या नावाशी जोडून लक्षात ठेवतो. समजा, फोनच्या हॉटस्पॉटसाठी ते चालू केलं. पुढे घरी ब्रॉडबँड आलं आणि सोयीसाठी राउटरला तेच नाव, तोच पासवर्ड दिला. लॅपटॉप त्याला जुनाच हॉटस्पॉट समजतो, आणि अमर्याद नेट असूनही वनड्राइव्हच्या फाइली पुढे सरकत नाहीत. राउटर बदलण्याआधी किंवा तक्रार नोंदवण्याआधी हे एक बटण बघून घ्यावं.

आयफोनमध्ये याच कामाचं सेटिंग "Low Data Mode" या नावाने आहे. ते प्रत्येक वाय-फायसाठी वेगळं चालू-बंद होतं, मोबाइल डेटासाठी आणखी वेगळं. त्यामुळे एका ठिकाणी बंद केलं म्हणजे सगळीकडे बंद झालं, असं नाही.

ही सेटिंग्ज कायमची बंद करून टाकावीत, असं मात्र माझं म्हणणं नाही. मोजक्या डेटावर महिना काढणाऱ्या घराचे पैसे ती खरोखर वाचवतात. अडचण होते ती फोन थांबण्याचं कारण धड सांगत नाही म्हणून. यापुढे डाउनलोड अडलं की त्या ॲपच्या नावाखालची बारीक ओळ आधी वाचा. "Waiting" असा शब्द दिसला, तर फोन परवानगीसाठी थांबलेला असण्याची शक्यता मोठी आहे. ती द्यायची की संध्याकाळी ब्रॉडबँडवर गेल्यावर काम उरकायचं, हे उरलेला डेटा बघून ठरवावं.