सात वर्षांतली किती वर्षं मोजायची?

चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात सात वर्षं काढलेला मेकॅनिकल इंजिनिअर डेटा ॲनालिस्टच्या नोकरीसाठी अर्ज करतो असं समजू. फॉर्ममध्ये अनुभवाचे दोन रकाने असतात, एकूण आणि संबंधित. पहिल्यात तो 7 लिहितो आणि दुसऱ्याशी अडतो. शून्य लिहिलं तर नवख्याच्या पगारावर बोळवण होणार, सात लिहिलं तर तांत्रिक मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडणार.

याचं उत्तर वर्षांत शोधू नये, कामांत शोधावं. नव्या पदाच्या जाहिरातीतली कामं एकेक करून कागदावर उतरवायची आणि प्रत्येकासमोर आपण ते केलंय का, ते लिहायचं. या इंजिनिअरने रिजेक्शनचा डेटा एक्सेलमध्ये साफ केलाय, कंट्रोल चार्ट लावलेत, ग्राहकाची तक्रार आली की मूळ कारण आकड्यांनिशी मांडलंय. हे सगळं ॲनालिस्टचंच काम आहे. शिफ्ट सांभाळणं, सप्लायरच्या मागे लागणं, ऑडिटची कागदपत्रं तयार ठेवणं यांत त्याची निम्मी वर्षं गेली असतील, पण ती इथे मोजली जात नाहीत. एसक्यूएल आणि पायथन तो नुकतंच शिकलाय, म्हणजे त्या बाबतीत तो नवखाच.

हाच अनुभव दोन ठिकाणी दोन भावांना जातो, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बँकांचे प्रोजेक्ट करणाऱ्या आयटी कंपनीला कंट्रोल चार्टचं फारसं कौतुक नसतं. ती त्याला वर्षभराचा अनुभव असलेल्यांच्या रांगेत बसवेल. वाहन उद्योगातल्या कंपनीची ॲनालिटिक्स टीम मात्र कारखाना कळणारा माणूस शोधत असते. मशीनच्या सेन्सरचा आकडा अचानक उडाला तर टूल झिजलंय की मोजणाराच चुकलाय, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. तिथे तीन-चार वर्षं मोजून मागणं रास्त आहे. त्यामुळे क्षेत्र बदलताना उद्योग तोच ठेवला तर पगार कमी पडतो; दोन्ही एकदम बदलले तर तो फार खाली येतो.

आता आकडा सांगायची वेळ. एचआर विचारते, सध्याचा सीटीसी किती, अपेक्षा किती? एकाच क्षेत्रात नोकरी बदलताना जुन्या पगारावर टक्केवारी चढवतात. इथे त्या हिशेबाला आधार नाही, कारण जुना पगार दुसऱ्याच कामाचा होता. म्हणून आधी विचारावं, "या पदासाठी मंजूर रेंज काय आहे, आणि माझा किती अनुभव संबंधित धरताय?" सध्याचा पगार विचारला तर खराच सांगावा, पगाराच्या स्लिपा पुढे मागतातच.

समजा, त्याचा आजचा सीटीसी 9 लाख आहे. त्यात बेसिक साडेचार लाख आणि व्हेरिएबल 60 हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि व्हेरिएबल बाजूला काढून, त्याच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर वजा केला की महिन्याला सुमारे 59 हजार हातात येतात. नवी ऑफर 8 लाख 40 हजारांची आहे. सात टक्क्यांनी कमी, चालेल, असं वाटतं. पण तिच्यात व्हेरिएबल 15 टक्के आहे. बेसिक निम्मं धरून तोच हिशेब केला तर हातात 49 हजार येतात. कागदावरची सात टक्क्यांची घट घरखर्चाला सतरा टक्क्यांची लागते. म्हणून ऑफर हाती आली की पगाराची फोड मागून घ्यावी आणि तुलना फक्त दरमहा हातात येणाऱ्या रकमेची करावी.

ही दहा हजारांची तूट सोसायची कशी? सात वर्षं एकाच कंपनीत झाली असल्याने त्याला ग्रॅच्युइटी मिळेल. शेवटच्या महिन्याचं बेसिक साडेसदतीस हजार, त्याला पंधरा सव्वीसांशाने आणि मग सातने गुणलं की दीड लाखाच्या थोडे वर जातात. म्हणजे साधारण पंधरा महिन्यांची तूट त्यातून भागते. पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-चार महिने उरले असताना कायम नोकरी सोडणारा हाच आधार सहसा गमावून बसतो.

पंधरा महिन्यांत पगार वाढला नाही तर मात्र अडचण होईल, म्हणून पहिल्या वाढीची तारीख ऑफर लेटरमध्येच लिहून घ्यावी. बऱ्याच कंपन्यांत वर्षाच्या उत्तरार्धात रुजू झालेल्यांना त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये धरत नाहीत. जानेवारीत रुजू झालेल्याची एप्रिलची वाढ अशी हुकली, तर पुढची येईपर्यंत ग्रॅच्युइटीचे पैसे संपत आलेले असतात. तेव्हा सहा महिन्यांनी कामाचा आढावा घेऊन पगार ठरवू, एवढं वाक्य पत्रात घालायला सांगावं. मूळ आकडा न वाढवणारी एचआर ही मागणी पुष्कळदा मान्य करते.