संगणकीय प्रणालीतील नियंत्रणांची चाचणी : शेतकरी कर्जमाफीच्या माहितीचा खानदेशातील प्रवास

सारांश : शासनाच्या कर्जमाफी योजनांत विकास संस्थेच्या खतावणीतील माहिती जिल्हा बँकेमार्फत शासकीय पोर्टलपर्यंत जाते. या प्रवासातील नोंद-तपासणी, त्रिपक्षीय जुळवणी आणि हस्तांतरणाची संपूर्णता या तीन नियंत्रणांची चाचणी कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : लेखापरीक्षण, ॲप्लिकेशन कंट्रोल, कर्जमाफी, विविध कार्यकारी संस्था, बेरीज-पडताळणी.

प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. शेतकऱ्यांनी पोर्टलवर अर्ज भरावयाचे, बँकांनी कर्जखात्यांची माहिती द्यावयाची आणि संगणकाने दोहोंची सांगड घालावयाची, अशी तिची रचना होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये लाभाचे वाटप सुरू होताच याद्यांतील विसंगती पुढे आल्या. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे आढळल्याची बाब त्या वेळी राज्यभर गाजली. यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्जाची पद्धतच काढून टाकण्यात आली.

जळगाव जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि धुळे व नंदुरबार जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक या खानदेशातील पीककर्जाच्या प्रमुख सहकारी संस्था होत. तथापि या बँका सहसा शेतकऱ्याला थेट कर्ज देत नाहीत. बँक गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेला कर्ज देते आणि संस्था ते सभासदाला देते. त्यामुळे सभासदाच्या कर्जाची मूळ नोंद संस्थेच्या, म्हणजे गटसचिवाकडील, खतावणीत असते. ती प्रथम बँकेच्या तक्त्यात व तेथून पोर्टलवर जाते. माहितीच्या या प्रवासात असे दोन सांधे आहेत आणि चूक बहुधा सांध्यावरच होते.

नोंद-तपासणी

चुकीची नोंद प्रणालीने दारातच अडवावी, हा पहिल्या नियंत्रणाचा हेतू होय. २०१९ च्या योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेले आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल व व्याजासह २ लाख रुपयांपर्यंत थकीत असलेले पीककर्ज पात्र होते. अशा नियमाची चाचणी नेहमी सीमेवर करावी लागते. चाचणी-प्रणालीत २,००,००० रुपयांची नोंद स्वीकारली गेली पाहिजे आणि २,००,००१ रुपयांची नाकारली गेली पाहिजे. त्याचप्रमाणे ३१ मार्च २०१५ ही उचलीची तारीख नाकारली जाऊन १ एप्रिल २०१५ स्वीकारली गेली पाहिजे. नियम संगणकच राबवीत असल्याने प्रत्येक प्रकारची एक नोंद पुरेशी ठरते. मात्र चाचणीनंतर आज्ञावलीत बदल झालेला नाही, याची खात्री बदल-नोंदवहीवरून करून घ्यावी लागते.

येथे दोन गोष्टी वारंवार निसटतात. पहिली म्हणजे पडद्यावर एकेक नोंद भरताना लागू होणारी तपासणी एकगठ्ठा तक्ता चढविताना लागू होतेच असे नाही. म्हणून दोन्ही वाटांची चाचणी स्वतंत्रपणे केली पाहिजे. दुसरी गोष्ट आधार क्रमांकाची. या बारा अंकांपैकी शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला पडताळणी-अंक असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही पद्धत चूक पकडते. परंतु एकच वैध क्रमांक शंभर ओळींत उतरला, तर प्रत्येक ओळ या तपासणीत उत्तीर्ण होते. २०१७ चा अनुभव नेमका याच मर्यादेकडे बोट दाखवितो. वैधता आणि एकमेवता या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. एका शेतकऱ्याची दोन कर्जखाती असू शकतात. म्हणून क्रमांकाची पुनरुक्ती सरसकट न नाकारता, क्रमांक तोच पण नाव वेगळे अशा ओळी बाजूला काढणे योग्य ठरते.

त्रिपक्षीय जुळवणी

खरेदी व्यवहारात खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचे देयक ही तीन कागदपत्रे जुळल्याखेरीज रक्कम अदा होत नाही. २०१९ च्या योजनेची रचनाही याच तत्त्वाशी मिळतीजुळती होती. बँकेने दिलेली रक्कम, आधार प्रमाणीकरणाने पटलेली ओळख आणि रक्कम मान्य असल्याचा शेतकऱ्याचा होकार हे तीन घटक एकत्र आल्यावरच लाभ मिळे. रक्कम अमान्य असल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जाई.

या नियंत्रणाच्या चाचणीत एका वेळी एकच घटक बिघडवावा आणि रक्कम अडते की नाही ते पाहावे. तिन्ही घटक एकदम बिघडविल्यास कोणत्या अटीमुळे रक्कम अडली, हे कळत नाही. अडलेली रक्कम मोकळी करण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही तपासावे. परंतु जुळवणीला एक मूलभूत मर्यादा आहे. पोर्टलवर आलेल्या नोंदीच ती तपासू शकते. ज्या शेतकऱ्याचे नाव यादीत आलेच नाही, त्याच्याविषयी ती मौन बाळगते.

हस्तांतरणाची संपूर्णता

ही उणीव तिसरे नियंत्रण भरून काढते. त्याची चाचणी एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका संस्थेच्या खतावणीत ४१२ कर्जखाती असून मुद्दलाची बेरीज २,४७,२०,००० रुपये आहे. पोर्टलवरही ४१२ नोंदी आणि तीच बेरीज दिसते. वरकरणी सर्व ठीक वाटते. मात्र खातेक्रमांकांच्या शेवटच्या चार अंकांची बेरीज खतावणीत ४,८६,३०२, तर पोर्टलवर ४,८६,२८७ येते. फरक १५ चा आहे. शोध घेता ११८७ क्रमांकाचे खाते गळाले असून ११७२ क्रमांकाचे खाते दोनदा आल्याचे आढळते. दोन्ही खात्यांचे मुद्दल समान असल्याने रकमेची बेरीज बदलली नाही. पीककर्जाचे एकरी दर जिल्हा पातळीवर ठरत असल्याने समान पीक व समान क्षेत्र असलेल्या सभासदांचे मुद्दल सारखे असणे खानदेशातील गावांत मुळीच विरळा नाही. खातेक्रमांकांची बेरीज स्वतः निरर्थक असते, पण ती गळती उघड करते.

अर्थात दोन चुका परस्परांना खोडू शकतात. म्हणून अंतिम चाचणी खातेनिहाय असावी. खतावणीतील कोणते खाते पोर्टलवर नाही आणि पोर्टलवरील कोणते खाते खतावणीत नाही, अशी दोन्ही दिशांनी तुलना करावी. या टप्प्यावर एक्सेलचा तक्ता विशेष घातक ठरतो. तो संख्येचे पंधराच अंक अचूक ठेवतो. सोळा अंकी खातेक्रमांक संख्या म्हणून भरल्यास शेवटचा अंक शून्य होतो, तर आरंभीची शून्ये गळून पडतात. असे खाते मग पोर्टलवर सापडत नाही. यावर उपाय म्हणून तो स्तंभ मजकूर स्वरूपात ठेवावा.

चाचणीचा आरंभबिंदूही महत्त्वाचा आहे. बँकेचा तक्ता आणि पोर्टल एवढीच तुलना केली, तर पहिल्या सांध्यावर गळालेला सभासद कधीच दिसणार नाही. तुलना खतावणीपासूनच सुरू झाली पाहिजे.

निष्कर्ष

नोंद-तपासणी आणि त्रिपक्षीय जुळवणी ही नियंत्रणे आलेल्या माहितीचा न्याय करतात. न आलेल्या माहितीचा शोध केवळ संपूर्णतेची चाचणी घेते. त्यामुळे लेखापरीक्षकाने हिचा क्रम प्रथम लावणे इष्ट ठरते. २०१९ च्या योजनेत याद्या बँक शाखेत, चावडीवर आणि ग्रामपंचायतीत लावण्यात आल्या. चावडीवरील यादीत आपले नाव शोधणारा शेतकरी वस्तुतः हीच चाचणी करीत असतो. मात्र ती खतावणीच्या आधारे आधीच झाली, तर हा भार त्याच्यावर पडणार नाही.