बँकेचा चेक, चाकाचा टायर

संगणकावर इंग्रजी मजकूर लिहिताना भाषेची निवड ‘ब्रिटिश’ अशी करून ठेवली, की ‘कलर’मधला ‘यू’ गळल्याबरोबर शब्दाखाली लाल रेघ उमटते. पण ‘भाड्याचा चेक सोबत जोडला आहे’ असं वाक्य लिहून त्यातल्या चेकच्या शेवटी ‘सी-के’ लावा. शब्दकोशावर चालणारं तपासणीचं साधन गप्प बसतं, कारण ‘सी-के’चा चेक ब्रिटिश इंग्रजीतही अस्सल शब्द आहे, फक्त तो बँकेचा नाही. टायरचंही तेच. चाकाच्या टायरमध्ये ‘वाय’च्या जागी ‘आय’ लिहिला, तर ब्रिटिश कोशात तो ‘थकणे’ या अर्थाचा शब्द म्हणून सापडतो आणि चूक तशीच पुढे जाते.

ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंगांतले बहुतेक फरक सवयीचे आहेत. ‘कलर’ कसाही लिहिला तरी अर्थ एकच. चेक आणि टायर वेगळ्या गटातले. इथे ब्रिटिश लेखक अर्थ पाहून स्पेलिंग निवडतो आणि अमेरिकी लेखक दोन्ही अर्थांना एकच स्पेलिंग वापरतो. इमारतीचा मजला आणि गोष्ट, फूटपाथची कड आणि आवर घालणे, अंतराचं मीटर आणि विजेचा मीटर याही जोड्या अशाच.

अमेरिकेने शब्द सोपे केले आणि ब्रिटनने जुनं जपलं, असं आपण सहज धरून चालतो. या दोन शब्दांबाबत ते उलट आहे. अमेरिकेने जुनं रूप ठेवलं, बदल ब्रिटनने केला.

चेकचं मूळ बुद्धिबळात आहे. फारसी ‘शाह’ हा शब्द अरबी आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत पोचला तो राजाला दिलेला शह म्हणून. शहावरून अडवणं, अडवण्यावरून ताबा ठेवणं, ताब्यावरून पडताळून पाहणं असा अर्थ सरकत गेला. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींच्या कापडावर राजाच्या खजिन्याचा हिशोब मांडला जाई, म्हणून इंग्लंडच्या त्या खात्याला ‘एक्स्चेकर’ नाव पडलं. अठराव्या शतकात पैशाच्या कागदाचा जो भाग देणाऱ्याकडे राहायचा, ज्याला आपण आज स्थळप्रत म्हणतो, तो ‘चेक’. कागद खोटा तर नाही ना, हे त्याच्याशी ताडून पाहता येई. पुढे हे नाव स्थळप्रतीवरून मूळ कागदाकडेच गेलं.

तोवर या कागदाचं स्पेलिंग बहुधा ‘सी-के’नेच व्हायचं. बँकव्यवहारावर लिहिणारे जेम्स विल्यम गिलबर्ट यांनी 1820च्या दशकाच्या अखेरीस ‘क्यू-यू-ई’चं रूप जाणीवपूर्वक घेतलं आणि तळटीपेत कारणही दिलं. या रूपाने घोटाळा होत नाही आणि ते ‘एक्स्चेकर’शी जुळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हेच गिलबर्ट पुढे लंडन अँड वेस्टमिन्स्टर बँकेचे पहिले व्यवस्थापक झाले. रोज ‘पडताळा’ आणि ‘पैसे द्या’ हे दोन्ही ज्याच्या टेबलावर येतं, त्याला दोन अर्थांना दोन रूपं हवीशी वाटणं मला अगदी रास्त वाटतं. भारतात 1881चा पराक्राम्य संलेख कायदा ब्रिटिश अमदानीत झाला, त्यामुळे त्यात आणि आपल्या चेकबुकांवर ‘क्यू-यू-ई’ आला. अमेरिकेच्या व्यापारी संहितेत मात्र आजही ‘सी-के’च आहे.

टायरची कथा वेगळी आहे. चेकच्या बाबतीत एकाच घराण्याच्या शब्दाचे दोन भाग झाले. टायरमध्ये मुळात दोन परके शब्द योगायोगाने सारखे झालेले आहेत. थकण्याचा टायर जुन्या इंग्रजीतला. चाकाचा टायर हा ‘अटायर’ म्हणजे पोशाख या शब्दाचं आखूड रूप मानला जातो: लाकडी चाकाला चढवलेला लोखंडी पोशाख. आधी तो वक्र पट्ट्यांच्या तुकड्यांचा असे, ते खिळ्यांनी ठोकत. मग अखंड कडं आलं. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तीच ही रीत. कडं चाकापेक्षा किंचित लहान ठेवायचं, जाळात लाल करून फुगवायचं, चाकावर बसवून लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि आरे, पाट्या सगळं घट्ट आवळून धरतं.

पंधराव्या-सोळाव्या शतकात या शब्दात ‘आय’ आणि ‘वाय’ दोन्ही चालत. सतराव्या शतकात ‘आय’ स्थिरावला आणि तोच अमेरिकेत राहिला. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात ‘वाय’ परत आला. 1888मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं आणि रबरी टायर घरोघर पोचला, तसा ‘वाय’ही रुजला. जाणकारांना तो पसंत नव्हता. 1926च्या आपल्या कोशात फाउलर यांनी ‘वाय’च्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही, व्युत्पत्तीनेही तो चुकीचा आहे, असं बजावलं. व्युत्पत्तीपुरतं त्यांचं खरं होतं, पण ब्रिटिश वाचकाला चाक आणि थकवा वेगळे दिसू लागले होते आणि ती सोय त्याने सोडली नाही.

या इतिहासाचा परिणाम भाषांतर आणि संपादनाच्या टेबलावर दिसतो. ब्रिटिश मजकूर अमेरिकी करणं जवळजवळ यंत्रवत जमतं, कारण दोन रूपांचं एक करायचं असतं. अपवाद विशेषनामांचा. ‘एक्स्चेकर’चा ‘क्यू’ अमेरिकेतही राहतो आणि लेबनॉनमधल्या टायर या प्राचीन शहराचा ‘वाय’ही. सरसकट बदल करणाऱ्याने हे शहर तरी हाताने तपासावं.

उलट दिशेला एकाचे दोन करायचे असतात, तिथे प्रत्येक वाक्य वाचावंच लागतं. समजा, अमेरिकी प्रवासवर्णनात असं आहे: ‘हॉटेलात चेक-इन केलं, गाडीचे टायर चेक केले, जेवून वेटरकडे चेक मागितला, मुक्कामाचे पैसे चेकने दिले आणि थकून झोपलो.’ मूळ इंग्रजीत चारही चेक ‘सी-के’चे आहेत, टायर आणि थकवा दोन्ही ‘आय’चे. ब्रिटिश रूपात चेक-इन तसंच राहील. टायरला ‘वाय’ लागेल, पण ते चेक करणं ‘सी-के’नेच, कारण ‘क्यू’चा चेक क्रियापद म्हणून वापरतच नाहीत. वेटरकडचा चेक म्हणजे आपलं बिल, तिथे स्पेलिंग नव्हे, शब्दच बदलून ‘बिल’ करावं लागेल. पैसे दिलेला चेक तेवढा ‘क्यू’चा होईल. थकवा ‘आय’चाच राहील.

शोधा-आणि-बदला वापरून हे उरकायला गेलं, तर ‘एंटायर’ आणि ‘रिटायर’च्या पोटातही ‘वाय’ शिरतो. त्याहून लपून राहणारी चूक ‘रेन चेक’ची. बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला, तर पुढच्या सामन्यासाठी चालणारा तिकिटाचा तुकडा म्हणजे रेन चेक. हातात कागद आहे, त्याला किंमत आहे, तरी बँक त्यावर पैसे देत नाही, म्हणून ब्रिटिश लेखकही तो ‘सी-के’नेच लिहितो. नाम असेल तर ‘हा बँकेत भरता येतो का?’ एवढं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. ही कसोटी चौकड्यांपाशी थांबते. मोटार शर्यतीच्या शेवटी फडकणाऱ्या चौकड्यांच्या झेंड्यासाठी ब्रिटनमध्ये ‘क्यू’चं विशेषण लागतं, पण चौकड्यांचा शर्ट ‘सी-के’चाच असतो. तिथे कोश उघडावा.

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना दोन्ही पद्धती एकाच दिवशी भेटतात. तिथे बँकेचा चेक ब्रिटिश वळणाचा आणि गाडीचा टायर अमेरिकी. इतकंच नव्हे, रोजच्या व्यवहाराच्या खात्याला नाव अमेरिकी पद्धतीचं ‘चेकिंग अकाउंट’, पण त्यातल्या चेकला ‘क्यू’. ब्रिटनमध्ये याच खात्याला ‘करंट अकाउंट’ म्हणतात, म्हणून ‘क्यू’चं ‘चेकिंग’ एखाद्या पत्रात दिसलं, तर ते पत्र कॅनडातलं असण्याचा संभव मोठा.