छोटं ऑफिस, मोठी कामं : भाग ९
नाना धुळ्याला गेले त्या दिवशी

मागच्या आठवड्यात पासवर्डच्या वहीबद्दल लिहिलं होतं. ती वही असूनही एक ट्रक पावणेचार तास फाटकात कसा उभा राहिला, ते आज सांगतो.

जळगाव एमआयडीसीतला चटईचा छोटा कारखाना. ऑफिसात चौघं. ई-वे बिल काढायचं काम हिशेबनीसांचं. सगळे त्यांना नाना म्हणतात. भाचीच्या लग्नाला नाना धुळ्याला गेले आणि त्याच दिवशी इंदूरची एक लाख ऐंशी हजारांची गाडी भरली. परराज्यात जाणारा पन्नास हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय रस्त्यावर घालायचा नाही. गाडी धरली गेली तर कराच्या दुप्पट दंड भरल्याशिवाय सुटत नाही.

साडेपाचला बिलिंगच्या ताईंनी वही काढली, यूजरनेम आणि पासवर्ड टाकला. पुढे ओटीपी. तो गेला नानांच्या मोबाइलवर आणि मोबाइल होता मांडवातल्या कुठल्यातरी पिशवीत. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी लागतो, त्यामुळे नुसत्या वहीचा उपयोग निम्म्यावर आला आहे. जेवणावळीनंतर नानांनी फोन पाहिला. पहिला ओटीपी सांगेपर्यंत मुदत संपली, दुसरा चालला. घाईत ताईंनी गाडी नंबरात एमएच १९ ऐवजी एमएच १८ टाकलं. आता बिलच रद्द करावं लागणार म्हणून त्या घाबरल्या. सव्वानऊला गाडी निघाली.

खरं तर गाडी नंबर हा बिलाच्या भाग ‘ब’मधला. तो नुसता बदलता येतो. भाग ‘अ’, म्हणजे इन्व्हॉइस, माल, किंमत, यात चूक झाली तर मात्र दुरुस्ती नाही. चोवीस तासांच्या आत रद्द करून नवीन काढायचं. एवढा फरक ताईंना माहीत असता तर शेवटचा पाऊणएक तास वाचला असता. पण आधीचे तीन तास अज्ञानाने गेले नव्हते, ते ओटीपीने गेले होते. म्हणून दुसऱ्याला काम शिकवायचं म्हटलं की मी आधी विचारतो, या कामाची किल्ली कोणाच्या खिशात आहे?

ई-वे बिलाच्या पोर्टलवर याची सोय आहे. मुख्य लॉगिनमधून User Management मध्ये जाऊन सब-यूजर तयार करता येतो. त्याचं यूजरनेम वेगळं, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर, आणि बिल कोणी काढलं तेही कळतं. सब-यूजर तयार करताना ओटीपी मुख्य नंबरवर येतो, तेव्हा हे नाना समोर बसलेले असतानाच उरकायचं.

मग शिकवणं. नाना खुर्चीत आणि ताई मागे उभ्या, असं महिनाभर चाललं तरी काही येत नाही. खुर्चीत ताई हव्यात आणि नानांनी माऊसला हात लावायचा नाही. पहिली पाच-सहा बिलं अशी काढली की जिथे जिथे ताई अडल्या, तेवढंच कागदावर लिहिलं. इंदूर अडीचशे किलोमीटरच्या वर, दिवसाला दोनशे किलोमीटर धरून बिलाला दोन दिवसांची मुदत मिळते. गाडी वाटेत बिघडली तर मुदत कशी वाढवायची, हे नानांना इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं सुचलंच नसतं. तो एक पानाचा कागद ताईंच्या अक्षरातच ठेवला. नानांनी लिहिला असता तर निम्म्या पायऱ्या गाळल्या असत्या.

नाना सुरुवातीला फुगले होते. ‘‘भाऊ, मला काढायचं असेल तर सरळ सांगा.’’ ही भीती हसण्यावारी नेऊ नये. मालकांनी त्यांना दिवाळीत सलग आठ दिवस सुट्टी देण्याचं कबूल केलं, तेव्हा शिकवणं सुरू झालं.

परीक्षा अशी : एका बुधवारी नानांना रजा, आणि ऑफिसातून त्यांना फोन गेला की वहीत एक रेघ. पहिल्या बुधवारी सात रेघा झाल्या. त्यातल्या चार एकाच गोष्टीसाठी होत्या : नव्या गिऱ्हाइकाचा पिनकोड चुकला की अंतर भलतंच येतं. ते कागदावर चढलं. महिन्याने दोन रेघा. नंतर दोन महिने कोणी ताईंकडून बिल काढूनच घेतलं नाही आणि रेघा पुन्हा पाचवर गेल्या. तेव्हापासून दर शनिवारची बिलं ताईंचीच, नाना शेजारी बसलेले असले तरी.

बँकेचं काम मात्र आम्ही असं वाटलं नाही. पेमेंट टाकणारा एक, मंजूर करणारा दुसरा. ताईंना टाकायला शिकवलं. मंजुरीसाठी मालकांच्या जोडीला त्यांच्या भावाचा अधिकार बँकेत नोंदवला. दोन्ही किल्ल्या एका हातात दिल्या असत्या तर रजेची अडचण सुटली असती, पण चुकीचं पेमेंट पकडायला दुसरी नजर उरली नसती.

पुढच्या आठवड्यात २० तारखेचं जीएसटी रिटर्न आणि सहीचा अधिकार.