एक जाहिरात, दोन वह्या

खाखऱ्याचा गृहोद्योग आणि त्याच पेठेतील चहाचे दुकान यांचा माल निराळा, पण ग्राहक एकच. अशा दोघांनी इन्स्टाग्रामवर संयुक्त जाहिरात द्यावी. एकाने पोस्ट तयार करून दुसऱ्यास ‘कोलॅबोरेटर’ म्हणून निमंत्रण पाठवावे. ते स्वीकारताच तीच पोस्ट दोघांच्याही पानांवर दिसते.

भेटवस्तूसाठी सोडतीचा मोह मात्र टाळावा. विक्रीवाढीसाठी काढलेली सोडत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. त्यापेक्षा ठरावीक संख्येपर्यंत प्रत्येकास निश्चित भेट द्यावी. चहा घेणाऱ्या पहिल्या ६० ग्राहकांना खाखऱ्याच्या पाकिटाचे कूपन द्यावे आणि खाखरा घेणाऱ्या ६० जणांना चहाच्या पुडीचे. मुदत व संख्या पोस्टमध्येच स्पष्ट असावी.

आपल्या मालाचा खर्च ज्याने त्याने सोसावा आणि परत आलेली कूपने स्वतंत्र वहीत नोंदवावीत. समजा, खाखऱ्याची ३५ कूपने परतली. पाकिटाचा खर्च ४० रुपये धरल्यास एकूण १,४०० रुपये झाले. त्यांपैकी १४ नवे ग्राहक पुढील महिन्यात पुन्हा खरेदीस आले, तर प्रत्येक ग्राहक १०० रुपयांना पडला. एका खरेदीत ५० रुपये नफा असेल, तर दोन खरेद्यांत ही रक्कम वसूल होते.

कूपने भराभर परतली, पण पुन्हा कोणीच फिरकले नाही, तर लोक केवळ फुकटासाठी आले असे समजावे. एकाच्याच दुकानात गर्दी वाढली, तर पुढील करारात खर्चाची वाटणी बदलावी.