आधी काम सांगा, मग माणसं

१० जानेवारी २००८. दिल्लीच्या प्रगती मैदानावर ऑटो एक्स्पो भरला होता आणि टाटांची छोटी गाडी लोकांसमोर यायची होती. बोलायला रतन टाटा स्वतः उभे राहिले. गाडीत काय काय आहे, हे सांगण्याआधी त्यांनी एक कुटुंब उभं केलं. स्कूटर चालवणारा बाप, त्याच्या पुढ्यात उभं असलेलं मूल, मागे बसलेली बायको आणि तिच्या कडेवर तान्हं बाळ. या चौघांना पावसापाण्यात, सुरक्षितपणे आणि परवडेल अशा खर्चात कसं नेता येईल, या प्रश्नातून ती गाडी निघाली होती. भारतात हे दृश्य न पाहिलेला माणूस नाही. त्यामुळे गाडी कशासाठी आहे, हे समजायला कुणालाही इंजिनाची माहिती लागली नाही.

नॅनोचं पुढे काय झालं, तेही पाहायला हवं. त्या दिवशीच्या बातम्यांत कुटुंबापेक्षा ‘एक लाख’ हा आकडा मोठा झाला. पुढच्या जाहिरातींतही स्वस्ताईच पुढे राहिली. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ ही ओळख चिकटली, ती कंपनीनेही चिकटू दिली आणि त्यात नुकसान झालं, असं रतन टाटा नंतर जाहीरपणे म्हणाले. गाडी न चालण्याला इतरही कारणं होती. पण सूत्रसंचालन करणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी: हेतू आणि किंमत एकाच दमात सांगितली, तर लोक किंमत घरी नेतात. म्हणून सुरुवातीच्या निवेदनात किंमत येऊच नये. ती सांगायचा मान बनवणाऱ्यांचा, आणि तोही प्रात्यक्षिक झाल्यावर.

आपल्याकडच्या लाँचच्या कार्यक्रमांचा क्रम ठरलेला असतो. मान्यवर स्थानापन्न होतात, दीपप्रज्वलन होतं, प्रत्येकाचा परिचय, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग प्रास्ताविक. व्यासपीठावर सात जण असतील आणि प्रत्येकाचा परिचय-सत्कार तीन मिनिटांत आटोपला, तरी एकवीस मिनिटं जातात. तोवर समोरच्या माणसाला सातही जणांच्या पदव्या कळलेल्या असतात, पण पडद्याखाली झाकून ठेवलेली वस्तू कुणाच्या कामाची आहे, हे कळलेलं नसतं. आणि ते माहीत नसताना ऐकलेला परिचय मनात राहत नाही. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ म्हणजे कशातला अनुभव, हे ऐकणाऱ्याला जोडताच येत नाही.

प्रत्यक्ष कसं करायचं, त्यासाठी एक प्रसंग धरू. समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कांद्याच्या चाळीत बसवायचं यंत्र बाजारात येतंय. सडणाऱ्या कांद्यातून निघणारा वायू ते ओळखतं आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवतं. सभागृहात शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, बँकेचे अधिकारी आहेत, दोन-चार पत्रकारही आहेत.

निवेदकाचं काम आठवडाभर आधी सुरू होतं. कंपनीकडून माहितीपत्रक येतं आणि त्यात ‘अत्याधुनिक’, ‘क्रांतिकारी’ असे शब्द असतात. ते बाजूला ठेवावं आणि बनवणाऱ्यांसमोर बसून एकच विचारावं: हे यंत्र बसवलं, तर शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी कोणती गोष्ट वेगळी करेल? पहिलं उत्तर बहुधा ‘त्याचं उत्पन्न वाढेल’ असं मिळतं. तिथे थांबू नये. उत्पन्न ही नंतरची गोष्ट. नेटाने विचारत राहिलं की खरं उत्तर येतं: तो चाळीचा नेमका कप्पा आधी फोडेल, सडके कांदे निवडून काढेल आणि उरलेला माल वेळेत बाजारात नेईल. हे वाक्य हाती आलं की सुरुवातीचं निवेदन जवळपास तयार झालं.

दुसरा प्रश्न तितकाच गरजेचा: हे यंत्र काय करत नाही? इथे उत्तर असं की ते सड थांबवत नाही, फक्त लवकर कळवतं. हे सुरुवातीलाच सांगायला कंपनीची माणसं कचरतात. मी मात्र आग्रह धरेन. समोर बसलेल्या शेतकऱ्याने पंधरा-वीस पावसाळे चाळ सांभाळलेली असते. निवेदकाने ‘आता कांदा सडणार नाही’ म्हटलं, की त्या क्षणी त्याचा विश्वास उडतो आणि पुढचं चांगलं प्रात्यक्षिकही वाया जातं. शिवाय तो दावा दुसऱ्या दिवशी छापून येतो आणि निस्तरावा लागतो तो कंपनीलाच.

मग व्यासपीठावरून काय बोलायचं? साधारण असं:

‘नमस्कार मंडळी. मार्च-एप्रिलात निघालेला उन्हाळ कांदा आपण चाळीत भरतो, पुढे भाव बरा मिळेल या आशेवर. मधे पावसाळा येतो. हवा दमट होते आणि ढिगाच्या पोटात कुठेतरी एक कांदा सडायला लागतो. वरून काही दिसत नाही. नाकाला वास येतो, तोवर शेजारचे कांदेही हातचे गेलेले असतात. ज्यांच्या घरी चाळ आहे, त्यांना हे मी सांगायला नको. आज आपण जे यंत्र पाहणार आहोत, ते सड थांबवत नाही. सड सुरू झाली आहे आणि ती कोणत्या कप्प्यात आहे, हे आपल्याला वास येण्याआधी कळवतं. तो कप्पा कधी फोडायचा, माल कधी विकायचा, हे आपणच ठरवायचं. ते ठरवायला चार दिवस आधी मिळावेत, एवढ्यासाठी हे यंत्र आहे.’

इतकंच. सावकाश बोललं तरी एक मिनिटभराचं निवेदन. यात कंपनीचं नाव नाही, यंत्राचं नाव नाही, किंमत नाही. शेवटच्या वाक्यातले ‘चार दिवस’ मात्र कंपनीने चाचण्या दाखवून पटवून दिले असतील तरच बोलायचे. नाहीतर ‘थोडे दिवस’ म्हणायचं. निवेदन लिहून झालं की ते एकदा तपासावं. त्यातल्या वस्तूच्या जागी मिक्सर किंवा विमा पॉलिसी घालून वाचावं. तरीही मजकूर जुळत असेल, तर त्यात हेतू आलेलाच नाही. वरच्या मजकुरात मिक्सर बसणार नाही.

एक चूक चांगल्या निवेदकांकडूनही होते. माहिती हाताशी असते, बोलण्याचा ओघ असतो, मग सेन्सर कसा चालतो, बॅटरी किती टिकते, हेही सांगून टाकतात. त्यानंतर ज्या अभियंत्याने ते घडवलं, तो माइकसमोर येतो आणि त्याच्याकडे नवीन काही उरत नाही. निवेदकाने अडचण आणि हेतू सांगावा, उपाय कसा चालतो ते झाकून ठेवावं. हद्द ओलांडली गेली की ते लगेच ओळखू येतं: पुढचा वक्ता ‘आत्ताच सांगितल्याप्रमाणे’ असं म्हणत सुरुवात करतो.

आता माणसं. हेतू सांगून झाल्यावर परिचय छोटा होतो आणि जड होतो, कारण तो टांगायला खुंटी मिळालेली असते. ‘बी. ई. इलेक्ट्रॉनिक्स, अमुक विद्यापीठ, तमुक पुरस्कार’ असं वाचण्याऐवजी निवेदक म्हणू शकतो, ‘हा वास नाकाच्या आधी ओळखायचा कसा, या प्रश्नामागे ज्या दोन पावसाळे लागल्या होत्या, त्या आपल्यासमोर येत आहेत,’ आणि मग नाव. दुसरा परिचय ज्यांनी आपली भरलेली चाळ चाचणीसाठी दिली, त्या शेतकऱ्याचा. पारंपरिक क्रमात हा माणूस आभारप्रदर्शनात एका ओळीत येतो. हेतूपासून सुरुवात केली, तर तो आपोआप पुढे येतो, कारण यंत्राचा कस त्याच्याच मालावर लागलेला असतो. परिचय लिहिताना एवढंच पाहावं, की या माणसाने त्या हेतूचा कोणता भाग पुरा केला. ज्याच्याबाबत याचं उत्तर मिळत नाही, त्याचं स्वागत जरूर करावं, पण लांबलचक परिचय करू नये.

याचा सुंदर दाखला ९ डिसेंबर १९६८चा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत एका संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी हजारभर लोकांपुढे दीड तासाचं प्रात्यक्षिक केलं. संगणकाचा माउस लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो तिथे. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, की दिवसभर सोबत राहणारा, हाकेसरशी प्रतिसाद देणारा संगणक तुमच्या टेबलावर असेल, तर तुमच्या बौद्धिक कामाला त्याचा किती उपयोग होईल? पुढचं सगळं या प्रश्नाचं उत्तर होतं. त्यांचे सहकारी सुमारे ५० किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमध्ये बसले होते, आणि त्यांच्या कामाची वेळ आली तेव्हा ते पडद्यावर दिसले. प्रेक्षकांना माणूस आणि त्याचं काम एकत्रच भेटलं.

आपल्याकडे खरी अडचण असते ती शिष्टाचाराची. प्रमुख पाहुणे आमदार किंवा मंत्री असतील, तर ‘साहेबांचं नाव आधी’ असा आग्रह होणारच, आणि तो झुगारून चालत नाही. पण तो सांभाळूनही हेतू पुढे आणता येतो. मान्यवर बसले की एकाच वाक्यात सर्वांचं एकत्रित स्वागत करावं आणि ‘सविस्तर परिचय आणि सत्कार थोड्याच वेळात’ असं सांगून हेतूकडे वळावं. हे पाहुण्यांच्या स्वीय सहायकाला आदल्या दिवशी कळवलेलं असावं आणि ‘मिनिट टू मिनिट’ कार्यक्रमात छापलेलं असावं. ऐनवेळी व्यासपीठावर क्रम बदलला, तर तो अपमान वाटतो. दीपप्रज्वलन हेतूच्या निवेदनानंतर ठेवलं, तर दिवा कशासाठी लागतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाहुण्यांना उशीर झाला, तर या रचनेचा आणखी एक उपयोग होतो. हेतूचं निवेदन त्यांच्यावर अवलंबून नसल्याने सभागृह ताटकळत बसत नाही. ते मधेच आले, तर वाक्य पुरं करून त्यांचं स्वागत करावं आणि पुढच्या वाक्यापासून चालू करावं, पुन्हा पहिल्यापासून नाही.

हा क्रम सगळीकडे लागू पडत नाही. समोर केवळ कंपनीचे विक्रेते असतील, तर त्यांना कांदा का सडतो हे सांगणं म्हणजे त्यांचा वेळ घेणं. त्यांना नवं काय आहे आणि माल कधी मिळेल, तेवढंच हवं असतं. एखाद्या संशोधकाच्या निधनानंतर त्याचं अपुरं काम पुरं करून वस्तू बाजारात येत असेल, तर माणूसच आधी यायला हवा, कारण लोक त्याच्यासाठीच आलेले असतात. बाकी बहुतेक ठिकाणी, शेतकऱ्यांपासून पत्रकारांपर्यंत जिथे जिथे वस्तू पहिल्यांदा भेटते, तिथे या क्रमाचा आग्रह निवेदकाने धरावा, आणि तो निमंत्रणपत्रिका छापायला जाण्याआधी धरावा. पत्रिकेवर सात नावं वर आणि वस्तूचं काम शेवटच्या ओळीत, असं एकदा छापून गेलं, की व्यासपीठावर क्रम बदलायला फारसा वाव राहत नाही.